शून्यापाशी 1/x² ची लिमिट: "∞" लिहायचं की "अस्तित्वात नाही"?

प्रश्न: मी इंदूरला बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला आहे. इंटर्नलमध्ये lim (x→0) 1/x² विचारलं होतं. मी "लिमिट अस्तित्वात नाही" असं लिहिलं, मॅडमनी ते खोडून ∞ लिहिलं आणि मार्क कापले. पण बारावीला कोचिंगचे सर सांगायचे की उत्तर ∞ आलं म्हणजे लिमिट नाहीच. मग लिमिट ∞ असेल तर ती आहे म्हणायची की नाही? आणि नसेल, तर sin(1/x) च्या "नाही"त आणि ह्या "नाही"त फरक काय?

उत्तर:

तुमच्या मॅडम आणि तुमचे सर, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, कारण ते दोन वेगळ्या प्रश्नांची उत्तरं देताहेत. एक प्रश्न असा की x शून्याजवळ जाताना फंक्शनची किंमत कुठल्या तरी एका वास्तव संख्येला येऊन टेकते का. दुसरा असा की टेकत नसेल, तर मग ते फंक्शन करतं काय. 1/x² बद्दल पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" आणि दुसऱ्याचं "वर वर जात राहतं, कुठल्याही उंचीच्या पलीकडे". sin(1/x) बद्दल पहिल्याचं उत्तर तेच, "नाही", पण दुसऱ्याचं "−1 आणि 1 यांच्यामध्ये हेलकावे खात राहतं, कुठेच ठरत नाही". सरांनी तुम्हाला पहिल्या प्रश्नाचं उत्तर पाठ करून घेतलं, मॅडमना दुसऱ्याचं हवं होतं.

मी इथेच, इंदूरला, सकाळी कॉलेजात बी.एस्सी.चं कॅल्क्युलस शिकवतो आणि संध्याकाळी भवरकुआंला अकरावी-बारावीच्या बॅचेस घेतो, म्हणून ही दोन्ही मतं माझ्या रोजच्या ऐकण्यातली आहेत. हिंदी माध्यमाची मुलं तर 1/x², 1/x आणि sin(1/x) ह्या तिन्हींखाली एकच ओळ लिहून मोकळी होतात, "सीमा का अस्तित्व नहीं है". ओळ खोटी नाही. पण समजा दोन माणसं घरी नाहीत. एक ए.बी. रोडने देवासकडे निघालाय आणि मागे वळून पाहत नाही, दुसरा राजवाडा ते सराफा नुसत्या येरझाऱ्या घालतोय. दोघांबद्दल "घरी नाही" इतकंच सांगितलं तर ते खरंच असेल, पण पहिल्याबद्दल जे ठामपणे सांगता आलं असतं ते न सांगता राहून जाईल.

आता "∞ ही लिमिट आहे की नाही" ह्याकडे वळू. त्यासाठी व्याख्या काढून समोर ठेवायला हवी, त्याशिवाय हा वाद मिटत नाही. लिमिट L आहे ह्याचा अर्थ: तुम्ही कितीही लहान ε > 0 द्या, मी एक δ > 0 देईन, असा की 0 < |x − a| < δ असेल तेव्हा |f(x) − L| < ε असेलच. ह्या वाक्यात L च्या जागी ∞ ठेवून बघा. |1/x² − ∞| < ε. ह्याला काही अर्थच उरत नाही, कारण ∞ ही वास्तव संख्या नाही आणि तिची वजाबाकी ठरलेली नाही. म्हणजे "लिमिट ∞ आहे" हे विधान नेहमीच्या व्याख्येत बसतच नाही. ते खोटं आहे असं नाही, त्या व्याख्येने ते वाचताच येत नाही.

म्हणून त्याच्यासाठी वेगळी व्याख्या लिहावी लागली: तुम्ही कितीही मोठा M द्या, मी असा δ > 0 देईन की 0 < |x − a| < δ असेल तेव्हा f(x) > M. 1/x² वर ती चालवून बघा. तुम्ही M = 10,000 दिलात, तर मी δ = 0.01 देतो, कारण |x| हे 0.01 हून कमी असेल तर x² हे 0.0001 हून कमी आणि 1/x² हे 10,000 हून जास्त. तुम्ही M वाढवून 10,00,000 केलात, तर माझा δ 0.001 होतो. सरसकट सांगायचं तर δ = 1/√M. प्रत्येक M ला माझ्याकडे उत्तर तयार आहे, आणि δ च्या आत एकही x असा नाही जो मला दगा देईल. "एकही नाही" हे शब्द लक्षात ठेवा, पुढे सगळं त्यांच्यावरच अडणार आहे.

आणखी एक गोष्ट बघा. ह्या दुसऱ्या व्याख्येत ∞ हे चिन्ह कुठेच नाही. M आहे, δ आहे, दोन्ही साध्या वास्तव संख्या. "lim f(x) = ∞" ही त्या अख्ख्या वाक्याची आखूड खूण आहे. त्यातलं बरोबरचं चिन्ह नेहमीचं बरोबरचं चिन्ह नाही, कारण उजवीकडे संख्या नाही. गोंधळाची अर्धी मुळं इथेच आहेत, आणि त्याला थोडा इतिहासही कारण आहे. ∞ ही खूण जॉन वॉलिसने १६५५ मध्ये वापरात आणली, आणि ε-δ ची आजची काटेकोर भाषा रुळली ती एकोणिसाव्या शतकात, वायरश्ट्रासच्या काळात. मधली दोनशे वर्षं ही खूण नीट व्याख्येविनाच वापरली जात होती, आणि "= ∞" लिहायची सवय तेव्हाचीच आहे.

तर मग "आहे" म्हणायचं की "नाही"? हे तुम्ही कुठे उभं राहून बोलताय ह्यावर अवलंबून आहे, आणि इथे सगळ्यांना लागू होईल असा एकच निकाल मी देऊ शकत नाही. वास्तव संख्यांच्या रेषेवर उभे असाल, म्हणजे बारावीत आणि बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी जिथे असता तिथे, तर 1/x² ला लिमिट नाही. ज्या पुस्तकात "लिमिट अस्तित्वात आहे" म्हणजे "लिमिट ही एक वास्तव संख्या आहे" अशी समजूत धरलेली असते, तिथेही "= ∞" असं लिहिलेलं सापडेल. त्यात विरोध नाही. लेखक सांगत असतो की लिमिट नाही, आणि नसण्याची तऱ्हा ही अशी.

पुढे मेझर थिअरी शिकाल तेव्हा रेषेच्या दोन टोकांना +∞ आणि −∞ हे दोन बिंदू मुद्दाम जोडलेले असतात. तिथे लिमिट +∞ आली तर ती आहे, कसलीही सारवासारव न करता आहे. तिथे ते सोयीचंही पडतं, कारण वाढत जाणाऱ्या प्रत्येक क्रमिकेला लिमिट मिळते आणि प्रत्येक प्रमेयात "जर बंधित असेल तर" हे शेपूट लावावं लागत नाही. एम.एस्सी.ला कॉम्प्लेक्स ॲनालिसिसमध्ये आणखी वेगळी व्यवस्था भेटेल. तिथे सगळ्या दिशांना मिळून एकच ∞ असतो, त्यामुळे शून्यापाशी 1/z ची लिमिट ∞ आहे असं म्हणतात आणि त्या बिंदूला पोल म्हणतात. e^(1/z) ला मात्र शून्यापाशी ना सांत लिमिट, ना ∞. एका बाजूने आलात तर ते प्रचंड होतं, दुसऱ्या बाजूने आलात तर शून्याकडे जातं. त्या बिंदूला इसेन्शियल सिंग्युलॅरिटी म्हणतात. तुम्ही आज विचारलेला फरकच तिथे दोन स्वतंत्र नावांनी शिकवला जातो, इतका तो कामाचा आहे.

व्यवस्था कुठलीही घ्या, एक गोष्ट कुठेही बदलत नाही: sin(1/x) ला कुठेच लिमिट मिळत नाही. टोकांना हवे तेवढे बिंदू जोडा, तिला उपयोग नाही. x = 1/(nπ) ह्या बिंदूंवरून शून्याकडे गेलात तर प्रत्येक ठिकाणी किंमत 0. x = 1/(2nπ + π/2) ह्या बिंदूंवरून गेलात तर प्रत्येक ठिकाणी 1. दोन वाटा, दोन वेगळी मुक्कामं. 1/x² चं "नाही" हे संख्यारेषा तोकडी पडल्यामुळे आहे, रेषा वाढवली की तो प्रश्न सुटतो. sin(1/x) चं "नाही" हे फंक्शनच्या स्वभावातलं आहे. फरक एका वाक्यात हवा असेल तर तो हा.

1/x ह्या दोघांच्या मधलं आहे. उजवीकडून +∞, डावीकडून −∞. दोन बाजू दोन टोकांना जातात, म्हणून दोन टोकांच्या व्यवस्थेतही दोन्ही बाजूंची मिळून लिमिट नाही. एकेका बाजूची आहे. ह्याच्यावर ∞ लिहाल तर ते मात्र चूकच.

इथपर्यंत बहुतेक मुलं माझ्याबरोबर असतात. खरी घसरण पुढच्या पायरीवर होते. मुलं समजतात की फंक्शन खूप मोठं होत असेल, त्याला वरून लगाम नसेल, की ते ∞ कडे गेलंच. तसं नाही. वर्गात मी त्यासाठी ही जोडी फळ्यावर मांडतो:

f(x) = (1 + sin(1/x)) / x²

g(x) = (2 + sin(1/x)) / x²

फक्त 1 च्या जागी 2. कॅल्क्युलेटर रेडियनवर ठेवा आणि f मध्ये x = 0.1, 0.01, 0.001, 0.0001 घालून बघा. पहिली किंमत साधारण 45.6 येते. दुसरी 4936 च्या आसपास. तिसरी 18 लाखांवर. चौथी सात कोटींच्या थोडी खाली. दर पायरीला आकडा कित्येक पटींनी वाढतोय, कुठे अडखळण्याचं लक्षण नाही. हे बघून वर्गातली जवळजवळ सगळी मुलं "∞" म्हणून हात वर करतात.

आता बिंदू बदलू. sin ची किंमत −1 कुठे होते? जिथे 1/x = 2nπ + 3π/2 असतं तिथे. n = 100 घ्या. 1/x सुमारे 633.03 येतो, म्हणजे x सुमारे 0.0015797. ह्या बिंदूला 1 + sin(1/x) शून्य होतं, आणि शून्याला x² ने भागलं तर शून्यच. f ची किंमत 0. खेटूनच दुसरा बिंदू घ्या, 1/x = 200π + π/2, म्हणजे सुमारे 629.89, म्हणजे x सुमारे 0.0015876. तिथे sin ची किंमत 1, आणि f ची किंमत 2 × (629.89)², म्हणजे 7 लाख 93 हजारांच्या आसपास. दोन बिंदूंमधलं अंतर 0.00001 सुद्धा नाही, आणि तेवढ्यात फंक्शन पावणेआठ लाखांच्याही वरून थेट जमिनीवर येतं. शून्याच्या जितकं जवळ जाल तितकी शिखरं उंच होत जातात, पण दर दोन शिखरांमध्ये फंक्शन 0 ला शिवून येतं, आणि हे अनंत वेळा होतं.

व्याख्येत हे कुठे अडतं ते बघा. M = 1 इतका क्षुल्लक M घ्या. मला असा δ हवा की ज्याच्या आत f(x) > 1 कायम राहील. पण δ कितीही लहान घ्या, n पुरेसा मोठा घेतला की 1/(2nπ + 3π/2) हा बिंदू त्याच्या आत येतोच आणि तिथे f शून्य असतं. म्हणजे M = 1 लाच माझं उत्तर संपलं. "एकही x दगा देत नाही" ही अट मोडली. म्हणून f ची लिमिट ∞ नाही. सांत संख्याही नाही, कारण शिखरांवरून चढत गेलात तर किमती कुठेच थांबत नाहीत. f ला लिमिटच नाही, sin(1/x) ला नाही अगदी त्याच अर्थाने. नुसतं बंधित नाही एवढ्यावरून ते 1/x² च्या रांगेत जाऊन बसत नाही.

मग तक्ता का फसला? 0.1, 0.01, 0.001 ह्या बिंदूंवर 1/x हे 10, 100, 1000 येतं. ह्या संख्या 2nπ + 3π/2 ह्या रूपात नेमक्या कधीच बसत नाहीत, कारण तशा बसल्या तर π परिमेय ठरेल. तक्ता दऱ्या सोडून सोडून उड्या मारत होता, एवढंच. मोबाइलवर आलेख काढलात तरी हीच अडचण येते. ॲप ठरावीक अंतराने बिंदू घेतं आणि ते जोडतं, मधल्या दऱ्यांपैकी काही दिसतात आणि काही दिसत नाहीत. तक्ता आणि आलेख अंदाज बांधायला ठेवा. "∞" असं लिहायचं असेल तर असमानता दाखवावी लागते.

g कडे या. sin(1/x) कधीही −1 च्या खाली जात नाही, म्हणून 2 + sin(1/x) कधीही 1 च्या खाली जात नाही. म्हणजे शून्य सोडून प्रत्येक x ला g(x) ≥ 1/x². आणि 1/x² साठी δ = 1/√M आपण आधीच काढून ठेवलाय, तोच इथे चालतो. g ची लिमिट +∞ आहे, काम संपलं. ह्यातली खुबी अशी की g सुद्धा हेलकावे खातं. 1/x² आणि 3/x² ह्या दोन वक्रांच्या मध्ये ते वरखाली होत राहतं, सरळ चढत जात नाही, पण त्याची जमीनच वर सरकत असते. ∞ कडे जायला फंक्शनने कायम वाढत राहायला हवं असं काही नाही. त्याच्या सर्वात खालच्या किमतीही M च्या वर गेल्या पाहिजेत. कुठल्याही उदाहरणात शंका आली तर मी शिखरं बघत नाही, दऱ्या बघतो. दऱ्या वर चालल्या असतील तर ∞, नसतील तर नाही.

दऱ्या डोळ्याला दिसत नसतील तर एक सोपी कसोटी आहे. फंक्शन उलटं करा. a च्या जवळ f धन असेल, तर f → +∞ आणि 1/f → 0 ह्या एकच गोष्ट आहेत. g उलटं केलं तर x²/(2 + sin(1/x)) मिळतं, ते x²/3 आणि x² च्या मध्ये दाबलं जातं, म्हणून शून्याकडे जातं. पास. f उलटं करायला गेलात तर शून्याच्या कितीही जवळ असे बिंदू भेटतात जिथे भागायलाच येत नाही. तिथेच कळावं. 1/x उलटं केलं तर x, ते शून्याकडे जातं, पण चिन्ह दोन बाजूंना वेगळं, म्हणजे "धन असेल तर" ही अट मोडली. तिथे फक्त |1/x| → ∞ इतकंच म्हणता येतं.

आता तुम्ही म्हणाल की दोन्ही "नाही"च आहेत तर एवढी चिरफाड कशाला. कारण पुढच्याच प्रकरणात ह्या दोन "नाही"ंना वेगळी वागणूक मिळते, आणि तिथे दर वर्षी बरेच जण अडकतात. लोपितालचा नियम घ्या. नियम असं सांगतो: त्याच्या बाकीच्या अटी पाळल्या जात असतील आणि f′/g′ ची लिमिट L असेल, तर f/g ची लिमिटही L. आणि इथे L ही सांत संख्या असो किंवा +∞ असो किंवा −∞ असो, नियम चालतो. उदाहरणार्थ x → ∞ असताना eˣ/x. वर-खाली वेगवेगळे डेरिव्हेटिव्ह काढले तर eˣ/1 मिळतं, ते ∞ कडे जातं, म्हणून मूळ भागाकारही ∞ कडे जातो. बिनधास्त लिहा.

पण x → ∞ असताना (x + sin x)/x घ्या. वर-खाली डेरिव्हेटिव्ह काढले की (1 + cos x)/1. हे 0 आणि 2 यांच्यात झुलत राहतं, त्याला लिमिट नाही. मुलं लगेच लिहितात, "म्हणून मूळ लिमिट अस्तित्वात नाही". साफ चूक. मूळ भागाकार 1 + (sin x)/x आहे, आणि (sin x)/x शून्याकडे जातं, म्हणून लिमिट 1 आहे, व्यवस्थित सांत. डेरिव्हेटिव्हचा भागाकार ∞ कडे गेला तर लोपिताल निकाल देतो, झुलत राहिला तर तो गप्प बसतो, काहीच सांगत नाही. ज्याने दोन्हींना "अस्तित्वात नाही" असं एकच नाव दिलंय, त्याला ह्या दोन उदाहरणांत वेगळं का वागायचं हे कळायला मार्ग उरत नाही. कोचिंगच्या त्या पाठ केलेल्या वाक्याबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच.

डेरिव्हेटिव्हच्या व्याख्येतही हेच दिसतं. x^(1/3) चं शून्यापाशी (f(h) − f(0))/h काढा: ते h^(−2/3) येतं आणि दोन्ही बाजूंनी +∞ कडे जातं. डेरिव्हेटिव्ह नाही, पण वक्राला तिथे उभी स्पर्शिका आहे आणि ती काढून दाखवता येते. x·sin(1/x) घ्या आणि शून्यापाशी किंमत 0 धरा, तर तोच भागाकार sin(1/h) येतो. इथेही डेरिव्हेटिव्ह नाही, आणि स्पर्शिकाही नाही, उभी नाही, आडवी नाही, कसलीच नाही.

उलट बाजूही सांगायला हवी, कारण "∞ आहे" म्हटलं की मुलं तिला संख्येसारखं वापरू लागतात. लिमिटचे बेरीज-वजाबाकीचे नियम सांत लिमिटसाठी सिद्ध केलेले असतात. 1/x² + 5 आणि 1/x² ह्या दोन्हींची शून्यापाशी लिमिट ∞, त्यांची वजाबाकी मात्र 5. 5 च्या जागी 500 घ्या, तर 500 येईल. त्यामुळे ∞ − ∞ ला ठरलेलं उत्तर देताच येत नाही. ∞ मध्ये बंधित फंक्शन मिळवलं तर ∞ च राहतं, ∞ ला धन संख्येने गुणलं तर ∞ च राहतं, एवढं निर्धास्त वापरा. वजाबाकी आली, किंवा शून्याकडे जाणाऱ्या फंक्शनशी गुणाकार आला, की थांबा आणि मूळ फंक्शनकडे परत जा. ह्या बाबतीत तुमच्या सरांचं "लिमिट नाहीच" तुम्हाला वाचवतं, आणि बारावीला ते कदाचित त्याचसाठी तसं सांगत असतील.

राहिला तुमच्या पेपरचा प्रश्न. तुमचं उत्तर चूक नव्हतं, अपुरं होतं. मार्क कापणं योग्य की नाही, हे मॅडमनी वर्गात M-δ ची व्याख्या दिली होती की नाही ह्यावर ठरेल. दिली असेल तर त्यांना तिचा वापर अपेक्षित होता, आणि त्यांनी उत्तर अर्धं धरलं तर ते मला समजण्यासारखं वाटतं. दिली नसेल, तर वही घेऊन जाऊन शांतपणे विचारा, "मॅडम, आपल्या कोर्समध्ये लिमिट आहे म्हणजे सांत आहे असं धरायचं का?" ह्या एका वाक्यावर त्यांचं उत्तर काय येतं त्यावरून वर्षभराची पद्धत कळून जाईल.

लेखी पेपरात मी माझ्या मुलांना दोन्ही प्रश्नांची उत्तरं एकत्र लिहायला लावतो. 1/x² साठी: "x → 0 असताना 1/x² → +∞, कारण कोणत्याही M > 0 साठी δ = 1/√M घेतल्यास 0 < |x| < δ असताना 1/x² > M. म्हणून सांत लिमिट अस्तित्वात नाही." हे वाचून दोन्ही मतांचे परीक्षक पूर्ण मार्क देतात. 1/x साठी: "उजवी लिमिट +∞, डावी −∞, म्हणून लिमिट अस्तित्वात नाही." sin(1/x) साठी दोन क्रमिका लिहा आणि दोन वेगळ्या किमती दाखवा, नुसतं "ऑसिलेट होतं" लिहून भागत नाही.

पर्यायी प्रश्नांत "∞" आणि "अस्तित्वात नाही" हे दोन्ही पर्याय समोर असतील, तर 1/x² सारख्यावर "∞" निवडा, कारण पेपर काढणाऱ्याने दोन वेगळे पर्याय ठेवलेत म्हणजे तो त्यांत फरक करतोय. "∞" हा पर्यायच नसेल तर "अस्तित्वात नाही". आणि "लिमिट अस्तित्वात असेल तर तिची किंमत काढा" अशी प्रश्नाची सुरुवात असेल, तर तिथे सांत लिमिटच अभिप्रेत असते असं धरून चाला, पण उत्तरात "+∞ कडे जातं" ही अर्धी ओळ तरीही लिहा.